जॉइनिंग किट: कोणता फॉर्म कशासाठी आणि तो कुठे अडतो

ऑफर स्वीकारली की दोन-चार दिवसांत एचआरचा मेल येतो. त्यात एक लिंक असते, पंधरा-वीस कागदांची यादी असते आणि 'उद्या संध्याकाळपर्यंत अपलोड करा' अशी सूचना असते. बहुतेक मुलं ती यादी रात्री मोबाइलवरच संपवतात आणि एचआरने मागितलं ते दिलं म्हणून मोकळी होतात. पुण्यात मी बरीच वर्षं या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून हेच कागद तपासतोय. त्यातला फारच थोडा माल एचआरसाठी असतो. आम्ही पोस्टमनसारखे. एक कागद पीएफ ऑफिसला जातो, एक आयकर खात्याच्या हिशेबात, एक बँकेत, एक व्हेरिफिकेशन एजन्सीकडे. पुढे ही मंडळी तुमचं नाव, जन्मतारीख आणि नोकरीच्या तारखा एकमेकांशी ताडून बघतात. जॉइनिंगचा जवळपास प्रत्येक घोळ या तीन गोष्टींपैकी एखादी दोन ठिकाणी वेगळी निघाल्याने होतो.

म्हणून लिंक उघडायच्या आधी एक काम करा.

सगळे कागद शेजारी-शेजारी मांडा

दहावीचं सर्टिफिकेट, आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि आधी नोकरी केली असेल तर रिलीव्हिंग लेटर, एवढे पाच कागद टेबलावर ठेवा. एका कोऱ्या कागदावर प्रत्येकावरचं इंग्रजी नाव अक्षर न अक्षर उतरवून काढा. डोळ्यांनी वाचू नका, उतरवा. वाचताना मेंदू आपोआप दुरुस्ती करतो.

आपल्याकडे हा घोळ खास मराठी पद्धतीचा असतो. महाराष्ट्र बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं: जाधव स्वाती बाळासाहेब. आधारवर स्वाती बाळासाहेब जाधव. पॅन काढताना सायबर कॅफेवाल्याने वडिलांच्या नावाचं एकच अक्षर टाकलेलं: स्वाती बी जाधव. त्यात बोर्डाच्या स्पेलिंगमध्ये जाधवच्या शेवटी 'व्ही' आणि आधारवर 'ओ'. लग्न झालं असेल तर बँकेत आणखी तिसरंच नाव. स्वातीच्या दृष्टीने ही सगळी ती एकच, पण संगणकाच्या दृष्टीने या चार बाया आहेत.

यातलं काय चालतं आणि काय अडतं? आडनाव पुढे की मागे, याने सहसा काही बिघडत नाही. माणूस बघतो आणि समजतो. स्पेलिंगमधला फरक मात्र अडतो, कारण आधार, पॅन आणि यूएएन म्हणजे तुमचा पीएफचा नंबर यांची जुळणी यंत्र करतं. लग्नानंतरचं नाव वेगळं असेल तर लग्नाचं प्रमाणपत्र किंवा नावबदलाचं राजपत्र लागतं, आणि ते सोबत असलं की प्रश्न मिटतो.

दुरुस्ती करायची असेल तर आधी आधार पक्कं करा आणि मग बाकीचे कागद त्याप्रमाणे करून घ्या. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यामुळे तिथे घाई नको. दहावीच्या सर्टिफिकेटवरचं स्पेलिंगच आधारवर आणणं बरं, कारण बोर्डाच्या कागदावरचं स्पेलिंग बदलून घेणं सगळ्यात जिकिरीचं.

ओळखीचे कागद

इथे फार वेळ घालवायला नको, पण दोन-तीन गोष्टी सांगतो.

पॅन हा ओळखपत्र म्हणून मागितला जातो असं वाटतं, पण खरा उपयोग टीडीएससाठी. पॅन दिला नाही, किंवा आधारशी न जोडल्याने तो निष्क्रिय झालेला असला, आणि पगार करपात्र असला, तर कर किमान 20 टक्क्यांनी कापावा लागतो. पॅन चालू आहे की नाही हे आयकर खात्याच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही दोन मिनिटांत दिसतं. जॉइनिंगच्या आधीच बघून ठेवा.

आधार लागतं ते प्रामुख्याने पीएफसाठी. बाकी जिथे नुसती ओळख दाखवायची आहे तिथे 'मास्क्ड आधार' द्या. त्यावर नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून आधार डाउनलोड करताना तसा पर्याय निवडता येतो. झेरॉक्स द्यायची वेळ आली तर तिच्यावर आडवी सही करून 'फक्त जॉइनिंगसाठी' असं लिहा आणि तारीख टाका.

जन्मतारखेसाठी मात्र आधार पुरेसं समजू नका. पीएफ कार्यालयाने 2024 पासून आधारला जन्मतारखेच्या पुराव्यांच्या यादीतून काढलं. दहावीचं सर्टिफिकेट किंवा शाळा सोडल्याचा दाखला जवळ ठेवा.

आणि मूळ कागद? दाखवायचे, ठेवून द्यायचे नाहीत. ओरिजिनल मार्कशीट 'सेफ कस्टडी'त ठेवणाऱ्या एका कंपनीतून आमच्याकडे आलेल्या मुलाला स्वतःचीच डिग्री परत मिळवायला तीन महिने लागले होते. झेरॉक्सवर सेल्फ अटेस्टेशन करून द्या, ओरिजिनल समोर ताडून दाखवा आणि त्याच वेळी पिशवीत परत ठेवा. लॅपटॉपचं डिपॉझिट किंवा व्हेरिफिकेशनची फी म्हणून पैसे मागणारा मेल आला तर ती नोकरी नाहीच असं समजा.

बँक डिटेल्स आणि तो रद्द केलेला चेक

नंबर टाइप करून दिलाय, मग वर चेक कशाला, असं सगळे विचारतात. नंबर तुम्ही टाइप केलेला असतो, तर चेकवर तो बँकेने छापलेला असतो. तुमच्या टायपिंगची चूक पकडायला तो लागतो. चेकवर दोन तिरक्या रेघा मारून मध्ये 'कॅन्सल्ड' लिहायचं. सही करायची नाही. रेघा खाते क्रमांकावरून किंवा आयएफएससीवरून जाऊ देऊ नका, नाहीतर तो पाठवण्याचा हेतूच संपतो. चेकवर तुमचं नाव छापलेलं नसेल, तर पासबुकाचं पहिलं पान द्या.

आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवा नेहमी शून्य, पुढची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी 'ओ' टाइप करणं ही माझ्या अनुभवात सगळ्यात वरच्या नंबरची चूक. दुसरी चूक जुन्या चेकबुकाची. 2019 आणि 2020 मध्ये बऱ्याच सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या. देना आणि विजया बँक बडोदात, सिंडिकेट कॅनरात, आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियनमध्ये. घरातल्या कपाटातला जुना चेक काढून दिलात तर त्यावरचा कोड बंद झालेला असणार.

तिसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. कॉलेजात असताना उघडलेलं खातं दोन वर्षं वापरलं नसेल तर बँक ते निष्क्रिय करते. नंबर बरोबर आणि कोडही बरोबर, तरी खात्याची अडचण निघते. ती पगाराच्या दिवशी कळू नये यासाठी खात्यात आधी शंभर रुपये टाकून आणि काढून बघा.

कंपनी स्वतःच्या टाय-अप बँकेत नवं सॅलरी अकाउंट उघडून देत असेल, तरी पीएफच्या पोर्टलवर जोडलेलं बँक खातं ही वेगळी नोंद आहे. ती आपोआप बदलत नाही. पुढे पीएफचे पैसे त्याच जुन्या खात्यात जाणार असतात.

फॉर्म 11: सगळ्यात दुर्लक्षित, सगळ्यात महाग

एका पानाचा हा फॉर्म पीएफसाठी असतो. त्यातले दोन प्रश्न नीट वाचा. तुम्ही आधी कधी भविष्य निर्वाह निधी योजनेचे सभासद होता का? आणि 1995 च्या पेन्शन योजनेचे होता का?

'एवढ्याशा नोकरीचं काय सांगायचं' म्हणून लोक पहिल्या प्रश्नाला 'नाही' लिहितात. मग नवी कंपनी तुम्हाला नवा माणूस समजून दुसरा यूएएन काढायला जाते. एका माणसाला आयुष्यभर एकच बारा आकडी यूएएन असायला हवा. दोन झाले तर जुन्या खात्यातले पैसे जुन्यातच पडून राहतात आणि तुमची सलग सेवा कागदावर तुटते. पीएफ काढताना पाच वर्षांची सलग सेवा झालेली नसेल तर रक्कम करपात्र होते. पेन्शनसाठी दहा वर्षं मोजली जातात. हे सगळं त्या एका 'नाही'मुळे विस्कटतं. कॉलेज संपल्यावर सहा महिने एखाद्या कॉल सेंटरला काम केलं असेल, तर तिथली पे-स्लिप काढून बघा. पीएफ कापलेला दिसला की उत्तर 'हो'.

दुसऱ्या प्रश्नाचं महत्त्व आकड्यांनी सांगतो. समजा बेसिक पगार 25,000 आहे आणि कंपनी पूर्ण बेसिकवर पीएफ भरते. तुमचे 12 टक्के म्हणजे 3,000 रुपये सरळ पीएफला. कंपनीचेही 3,000, पण तुम्ही पेन्शन योजनेचे सभासद असाल तर त्यातले 1,250 पेन्शनकडे वळतात आणि 1,750 पीएफमध्ये येतात. हे 1,250 कुठून आले? पेन्शनसाठी पगार 15,000 पर्यंतच धरला जातो आणि त्याचे 8.33 टक्के होतात ते. आता नियम असा की, 1 सप्टेंबर 2014 नंतर पहिल्यांदाच पीएफमध्ये येणारा आणि सुरुवातीपासूनच 15,000 च्या वर बेसिक असलेला माणूस पेन्शन योजनेत येतच नाही. त्याचे कंपनीकडचे सगळे 3,000 पीएफमध्येच जायला हवेत. पेरोलवाल्याने चुकून त्याचेही 1,250 पेन्शनला पाठवले, तर काही वर्षांनी क्लेम करताना फाइल अडते आणि तोवर तो पेरोलवाला नोकरी सोडून गेलेला असतो. पहिल्या दोन-तीन महिन्यांनी पीएफचं पासबुक उघडा आणि पेन्शनच्या रकान्यात काय येतंय ते बघा.

जुना यूएएन असेल तर आणखी एक तपासणी करा. आधीच्या कंपनीने तुमची 'डेट ऑफ एक्झिट' टाकली आहे का? नसेल टाकली तर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतःही पोर्टलवर टाकू शकता. ती रिलीव्हिंग लेटरवरच्याच तारखेची असू द्या. कारण खाली बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या भागात कळेल.

नॉमिनेशन

पीएफचं ऑनलाइन नॉमिनेशन, ग्रॅच्युइटीचा फॉर्म एफ आणि ग्रुप इन्शुरन्सचा फॉर्म असे निदान तीन कागद असतात. तिन्हीकडे एकच नाव लिहिलं तरी ते स्वतंत्र आहेत. एक भरला म्हणजे बाकीचे भरले असं होत नाही. पीएफमध्ये 'कुटुंब' म्हणजे कोण याची व्याख्या ठरलेली आहे: पती किंवा पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आई-वडील. भाऊ-बहीण त्यात बसत नाहीत. कुटुंब असताना भावाचं नाव टाकलं तर ते नॉमिनेशन टिकत नाही. आणि लग्नाआधी केलेलं नॉमिनेशन लग्न होताच रद्द धरलं जातं. जॉइन होताना आईचं नाव टाकलं, पाच वर्षांनी लग्न झालं, नंतर काही बदललं नाही, अशा फाइली मी बघितल्यात. त्या घरातल्या लोकांना मग वारस दाखल्यासाठी फिरावं लागतं.

पगार महिना 21,000 किंवा त्याखाली असेल तर ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विम्याचाही फॉर्म असतो. तुमच्या पगारातून 0.75 टक्के आणि कंपनीकडून 3.25 टक्के जातात. घरच्यांची नावं आणि जन्मतारखा त्यात आत्ताच बरोबर भरा. दवाखान्याच्या खिडकीवर उभं राहून स्पेलिंग दुरुस्त होत नाही.

आधीच्या पगाराचा फॉर्म

वर्षाच्या मध्येच नोकरी बदलली असेल तर हा भाग वाचाच. फ्रेशर असाल तर पुढे जा. तुम्हाला फक्त नवी की जुनी कररचना हे विचारतील. काही न निवडल्यास नवी लागू होते.

आधीच्या कंपनीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला कळवायचा फॉर्म असतो. एचआर त्याला वर्षानुवर्षं 'ट्वेल्व्ह बी' म्हणत आलेत. तो ऐच्छिक आहे, म्हणून मुलं सोडून देतात. 2025-26 च्या दरांनी एक हिशेब करून बघू. एप्रिल ते सप्टेंबर महिना 1 लाखाने 6 लाख मिळाले. जुन्या कंपनीने वर्षाचे 12 लाख धरले. नव्या कररचनेत 75,000 ची प्रमाणित वजावट आणि करपात्र 12 लाखांपर्यंत सूट असल्याने कर शून्य. ऑक्टोबरपासून नव्या कंपनीत महिना दीड लाख, म्हणजे मार्चपर्यंत 9 लाख. तिला जुने 6 लाख माहीतच नाहीत, तिनेही कर शून्य धरला. जूनमध्ये रिटर्न भरायला बसलात तर एकूण 15 लाख. वजावटीनंतर 14.25 लाख. पहिल्या 4 लाखांवर काही नाही, पुढच्या 4 वर 5 टक्क्यांनी 20,000, पुढच्या 4 वर 10 टक्क्यांनी 40,000, उरलेल्या सव्वादोन लाखांवर 15 टक्क्यांनी 33,750. बेरीज 93,750, त्यावर 4 टक्के उपकर, एकूण 97,500 रुपये. वर आगाऊ कर न भरल्याचं व्याज. हा फॉर्म दिला असता तर तीच रक्कम सहा पगारांत थोडी-थोडी कापली गेली असती.

बीजीव्ही

बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचं काम कंपनी बाहेरच्या एजन्सीला देते. त्यासाठी तुमची लेखी परवानगी लागते. 'लेटर ऑफ ऑथरायझेशन' म्हणतात ते हेच. त्यात काय-काय तपासणार ते लिहिलेलं असतं: शिक्षण, आधीच्या नोकऱ्या, पत्ता, कोर्टातल्या नोंदी, काही बँकिंगच्या जागांसाठी क्रेडिट रिपोर्टही. सहीच्या आधी तेवढं तरी वाचा.

एजन्सीचा निकाल साधारण तीन शब्दांत येतो आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत. 'इनसफिशियन्सी' म्हणजे कागद कमी पडतोय, दिला की काम पुढे जातं. 'युनेबल टु व्हेरिफाय' म्हणजे समोरून उत्तरच आलं नाही, कंपनी बंद पडली वगैरे. 'डिस्क्रिपन्सी' म्हणजे तुम्ही सांगितलं एक आणि निघालं दुसरं. घाबरायचं ते तिसऱ्याला. पहिल्याचा मेल बघून रडणारी मुलं मी पाहिलीत, त्याची काही गरज नसते.

शिक्षणाच्या तपासणीत विद्यापीठाचं नाव पदवीवर छापलंय तेच लिहा. 2014 च्या आधीच्या पदवीवर 'पुणे विद्यापीठ' असेल, तर फॉर्ममध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ लिहून गोंधळ वाढवू नका. शिवाय पदवी प्रमाणपत्र कॉलेजात पडून असेल तर आत्ताच आणा. शेवटच्या सेमिस्टरच्या मार्कशीटवर काही काळ भागतं, कायम नाही.

पत्त्याच्या तपासणीसाठी हल्ली मोबाइलवर लिंक येते. ती उघडून घराचा फोटो काढायचा असतो आणि जीपीएसवरून ठिकाण नोंदलं जातं. तुम्ही फॉर्ममध्ये वाकडच्या पीजीचा पत्ता दिलेला असतो, आणि लिंक येते तेव्हा तुम्ही गावी सोलापूरला. तिथेच उघडलीत की तपासणी फेल. पुण्यात परत आल्यावरच उघडा. प्रत्यक्ष माणूस येणार असेल तर घरमालकाला आधी सांगून ठेवा. भाडेकरार नोंदवलेला नसला की काही घरमालक दारावरच 'असं कुणी इथं राहत नाही' म्हणून टाकतात.

नोकरीच्या तपासणीत मात्र तारखांवर सगळं अवलंबून असतं. एक प्रसंग सांगतो. एका मुलाने आधीच्या नोकरीची तारीख जानेवारी ते मार्च अशी लिहिली, एकूण तीन वर्षं दोन महिने. एजन्सीला जुन्या कंपनीने कळवलं की तो एप्रिलमध्ये आला. पीएफ पासबुकातही पहिला हप्ता एप्रिलचाच. विचारल्यावर कळलं की आधीचे तीन महिने तो घरी होता, वडील आजारी होते, आणि तो गॅप दिसू नये म्हणून त्याने तारीख मागे ओढली होती. त्या जागेला अडीच वर्षांचा अनुभव पुरेसा होता. गॅप लिहिला असता तर आम्ही एका ओळीचं कारण घेऊन फाइल बंद केली असती. आता रिपोर्टवर डिस्क्रिपन्सी आली होती आणि क्लायंटच्या करारात अशा माणसाला प्रोजेक्टवर घेता येत नव्हतं. ऑफर मागे गेली.

म्हणून तारखा आठवणीतून लिहू नका. जॉइनिंगची तारीख अपॉइंटमेंट लेटरवरून घ्या, सोडल्याची रिलीव्हिंग लेटरवरून. इंटर्नशिप वेगळी लिहा, नोकरीत मिसळू नका. जुनी कंपनी बंद पडली असेल किंवा मेलला उत्तर देत नसेल, तर एजन्सीला पर्यायी पुरावा द्या: पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट, पे-स्लिप, पीएफ पासबुक, किंवा टीडीएस कापला असेल तर फॉर्म 26AS, ज्यात कर कापणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं. माझ्या अनुभवात यातले दोन मिळाले तरी बऱ्याच एजन्सी पुढे जातात.

हे सगळं अपलोड केल्यावर एक फोल्डर स्वतःकडेही ठेवा. भरलेल्या फॉर्मांच्या प्रती, सही केलेलं ऑथरायझेशन आणि तो नावं उतरवलेला कागद. पहिली पे-स्लिप आली की तिच्यावरचा यूएएन, पॅन आणि खाते क्रमांक याच फोल्डरमधल्या कागदांशी ताडून घ्या. एक आकडा जरी वेगळा दिसला तर त्याच दिवशी पेरोलला मेल टाका. पहिल्या महिन्यात एका मेलवर होणारी दुरुस्ती तिसऱ्या वर्षी तुम्ही आणि कंपनीने मिळून करायचा जॉइंट डिक्लरेशनचा अर्ज घेऊन करावी लागते.